बळ वेगळे, दम वेगळा : व्यायामातील आवर्तनांचा हिशेब

तालमीतला मल्ल एका बैठकीत शेकडो जोर-बैठका काढतो. वेटलिफ्टिंगचा स्पर्धक मात्र वजन एकदा, दोनदा, फार तर तीनदा उचलतो आणि मग काही मिनिटे स्वस्थ बसून राहतो. दोघांच्याही मांड्या भरदार असतात. पण मल्लाच्या खांद्यावर एकदम स्पर्धकाचे वजन ठेवले तर त्याला ते घेऊन उठता येईलच असे नाही, आणि स्पर्धकाला पाचशे बैठका काढायला सांगितल्या तर शंभराच्या आतच त्याच्या मांड्या भरून येतील. व्यायाम दोघेही वर्षानुवर्षे करत आले आहेत. फरक आहे तो एका दमात किती वेळा आणि किती वजनाने, याचा.

हालचालीची एक पूर्ण फेरी, म्हणजे खाली जाणे आणि वर येणे, याला आवर्तन म्हणतात. न थांबता केलेल्या आवर्तनांचा एक गट म्हणजे सेट. एखाद्या व्यक्तीला एकदाच, पण योग्य पद्धतीने उचलता येईल असे सर्वांत जड वजन हे तिचे त्या व्यायामातले कमाल वजन. आवर्तने आणि वजन यांचे नाते व्यस्त असते. सर्वसाधारणपणे कमाल वजनाच्या ८५ टक्के भार घेतला तर पाचेक आवर्तने होतात, ७५ टक्क्यांना दहाच्या आसपास, तर ५० टक्क्यांना पंचवीस किंवा त्याहून अधिक. व्यक्तीनुसार आणि व्यायामानुसार हे आकडे मागेपुढे होतात. पायांच्या व्यायामांत त्याच टक्केवारीला हातांपेक्षा जास्त आवर्तने निघतात. म्हणून ‘कमी आवर्तने’ म्हणजे जड वजनाची एक ते सहा आणि ‘जास्त आवर्तने’ म्हणजे हलक्या वजनाची वीस किंवा अधिक, असा ढोबळ अर्थ येथे घेतला आहे.

लष्करी रुग्णालयातून आलेला नियम

कमी आवर्तने बळ वाढवतात आणि जास्त आवर्तने दम वाढवतात, हा नियम वैद्यकाच्या ग्रंथांत ठसठशीतपणे मांडला तो थॉमस डिलॉर्म या अमेरिकी लष्करी डॉक्टरने. दुसऱ्या महायुद्धात गुडघ्याच्या दुखापती होऊन आलेल्या सैनिकांवर तो उपचार करत असे. अशा रुग्णांना तोवर हलक्या वजनाचा, पुष्कळ वेळा करायचा व्यायाम दिला जाई आणि सुकलेली मांडी पूर्ववत व्हायला फार काळ लागे. डिलॉर्म स्वतः तरुणपणी आजारातून उठल्यावर वजने उचलून सुदृढ झाला होता. त्याने रुग्णांना जड वजने दिली आणि दर आठवड्याला ती वाढवत नेली. १९४५ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात त्याने म्हटले की, जड वजन आणि थोडी आवर्तने यांनी बळ येते, हलके वजन आणि पुष्कळ आवर्तने यांनी दम येतो, आणि यातला एक व्यायाम दुसऱ्याचे काम करू शकत नाही.

विधानाचा पहिला भाग पुढील संशोधनात जवळजवळ जसाच्या तसा टिकला. ‘एक दुसऱ्याचे काम करू शकत नाही’ हा शेवटचा भाग मात्र तपासून घ्यावा लागला. कारण ‘दम’ हा एकच शब्द दोन निरनिराळ्या गोष्टींसाठी वापरला जात होता.

तीन गट, तीन मोजमापे

हा घोळ स्पष्टपणे सोडवणारा प्रयोग अँडरसन आणि कर्नी या अमेरिकी संशोधकांनी १९८२ साली प्रसिद्ध केला. त्रेचाळीस तरुणांचे त्यांनी तीन गट पाडले. व्यायाम सर्वांना एकच होता : बेंच प्रेस, म्हणजे बाकावर उताणे झोपून छातीवरून बार वर ढकलणे. नऊ आठवडे, आठवड्यातून तीन दिवस. पहिला गट जड वजनाचे तीन सेट करी आणि प्रत्येक सेटमध्ये सहा ते आठ आवर्तने होत. दुसरा गट मध्यम वजनाचे दोन सेट करी, प्रत्येकी तीस ते चाळीस आवर्तनांचे. तिसरा गट अगदी हलक्या वजनाचा एकच सेट करी, पण तो शंभर ते दीडशे आवर्तनांचा.

नऊ आठवड्यांनंतर प्रत्येकाचे मोजमाप तीन प्रकारे केले गेले. पहिले होते कमाल वजन. यात जड गटाची वाढ सुमारे २० टक्के झाली, मध्यम गटाची ८ टक्के आणि हलक्या गटाची ५ टक्के. बळासाठी जड वजन लागते, हे डिलॉर्मचे म्हणणे येथे खरे ठरले.

दुसरे मोजमाप होते ठरावीक वजनाचा दम. सगळ्यांना सारखेच, सुमारे २७ किलो वजन देऊन ते किती वेळा ढकलता येते हे पाहिले. यात तिन्ही गट सुधारले. हलका आणि मध्यम गट सुमारे ४० टक्क्यांनी पुढे गेले. पण जड गटाची प्रगतीही नगण्य नव्हती, तीही २० टक्क्यांहून अधिक भरली.

तिसरे मोजमाप होते प्रमाणशीर वजनाचा दम. यात प्रत्येकाला त्याच्या स्वतःच्या त्या वेळच्या कमाल वजनाच्या ४० टक्के भार दिला गेला. हलका गट येथे २८ टक्क्यांनी सुधारला, मध्यम गट २२ टक्क्यांनी, आणि जड गट मात्र सुमारे ७ टक्क्यांनी मागे गेला. नऊ आठवडे घाम गाळूनही या एका कसोटीवर त्याची आवर्तने कमी झाली.

ठरावीक वजन की प्रमाणशीर वजन?

एकाच गटाचा दम एका कसोटीवर वाढला आणि दुसऱ्या कसोटीवर घटला, हे विसंगत वाटते. पण साध्या अंकगणिताने उलगडते. समजा, एका व्यक्तीचे बेंच प्रेसमधील कमाल वजन ५० किलो आहे आणि २५ किलो वजन ती तीस वेळा ढकलू शकते. कमी आवर्तनांचा जड व्यायाम करून काही आठवड्यांनी तिचे कमाल वजन ६० किलो झाले. आता तेच २५ किलो तिच्या कमाल वजनाच्या निम्मे राहिलेले नाही. ते ४२ टक्क्यांवर आले. वजन बदलले नाही, पण तिच्या दृष्टीने ते हलके झाले. त्यामुळे तिची आवर्तने तीसवरून छत्तीस-सदतीसपर्यंत जाऊ शकतात. हा दम बळाच्या पोटातून आलेला आहे.

आता तिला पुन्हा ‘कमाल वजनाच्या निम्मे’ द्यायचे तर ३० किलो द्यावे लागतील. ३० किलो वारंवार ढकलायला दर आवर्तनामागे अधिक इंधन आणि अधिक प्राणवायू लागतो. जड व्यायामाने स्नायूचा जोर वाढला असला तरी त्याला होणारा पुरवठा त्या प्रमाणात वाढलेला नसतो. शिवाय स्नायू जोराने आकुंचन पावतो तेव्हा त्यातील रक्तवाहिन्या दाबल्या जातात; जोर जितका अधिक तितका रक्तप्रवाह अधिक अडतो. म्हणून या कसोटीवर तिची आवर्तने तीसच्या खाली येतात.

जास्त आवर्तने करणाऱ्या व्यक्तीचे चित्र याच्या उलट दिसते. तिचे कमाल वजन ५० वरून ५३ किलोपर्यंतच जाईल. पण २५ किलो ती चाळीसहून अधिक वेळा ढकलेल आणि नव्या कमाल वजनाच्या निम्मा भारही पूर्वीपेक्षा अधिक वेळा पेलेल. तिचा दम पुरवठ्यातून आलेला आहे.

रोजच्या आयुष्यात यांपैकी कोणता दम लागतो, हे कामावर अवलंबून असते. सिमेंटची ५० किलोची गोणी कोण उचलतो हे पाहून हलकी होत नाही; ते ठरावीक वजन आहे. ज्याचे एकूण बळ बेताचे आहे त्याला अशी गोणी दिवसातून अनेकदा उचलायची असेल तर आधी बळ वाढवण्यातच शहाणपण असते, कारण त्याच्यासाठी ती कमाल वजनाच्या फार जवळ असते. उलट भार मुळातच हलका आणि हालचाल शेकडो वेळा करायची, जसे की होडी वल्हवणे, तर तेथे पुरवठ्याचा दम अधिक उपयोगी ठरतो. ढोबळमानाने, भार कमाल वजनाच्या निम्म्याहून बराच अधिक असेल तर बळच दम पुरवते. तो त्यापेक्षा पुष्कळ कमी असेल तर जास्त आवर्तनांच्या सरावाला पर्याय नाही.

शरीरात नेमके काय बदलते?

बळ हे केवळ स्नायूच्या जाडीवर ठरत नाही. एका चेतापेशीच्या हुकमतीखाली स्नायूतील अनेक तंतू असतात. चेतापेशी आणि तिचे तंतू मिळून एक चालक घटक होतो. शरीर हे घटक एका ठरलेल्या क्रमाने कामाला लावते : आधी लहान, न थकणारे, मग गरज वाढेल तसे मोठे, जोरकस, पण लवकर थकणारे. एलवुड हेनेमन या शास्त्रज्ञाने हा क्रम दाखवून दिला. जड वजन उचलताना पहिल्याच आवर्तनाला मोठे घटक बोलवावे लागतात आणि तेही वेगाने संदेश पाठवून. आठवडेन्‌आठवडे हा सराव झाला की मज्जासंस्था मोठे घटक तत्परतेने आणि एकदम कामाला लावायला शिकते, तसेच विरुद्ध बाजूच्या स्नायूंचा विरोधही कमी होतो. नवशिक्याचे वजन पहिल्या महिन्याभरात झपाट्याने वाढते, पण आरशात फारसा फरक दिसत नाही, त्याचे कारण हेच. कमाल वजन उचलणे हे एक कौशल्यही आहे आणि कौशल्य ज्याचा सराव करावा तेच येते.

दमाचा व्यवहार निराळा आहे. हलक्या वजनाच्या लांब सेटमध्ये लहान घटकांपासून सुरुवात होते. ते थकत गेले की हळूहळू मोठेही ओढले जातात. सेट मिनिटभर किंवा त्याहून जास्त चालतो. एवढ्या वेळात स्नायूतील हाताशी असलेले इंधन संपते आणि साखर जाळून ऊर्जा करावी लागते. त्यातून आम्लता वाढते आणि ती ओळखीची जळजळ सुरू होते. हा ताण पुनःपुन्हा दिला की स्नायू त्याच्याशी जुळवून घेतो. पेशीतील ऊर्जा निर्माण करणाऱ्या तंतुकणिकांची क्षमता आणि तंतूंभोवतीच्या केशवाहिन्यांचे जाळे यांत सुधारणा होते, आणि आम्लता शोषून घेण्याची ताकद वाढते. जळजळ सोसण्याची मनाची तयारीही यातला एक भाग आहे.

दोन्ही चित्रे एकाच प्रयोगात दिसली ती २००२ साली कॅम्पोस आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत केलेल्या अभ्यासात. व्यायामाची सवय नसलेल्या तरुणांनी आठ आठवडे पायांचे व्यायाम केले : एका गटाने तीन ते पाच आवर्तनांचे चार सेट, मध्ये तीन मिनिटे विश्रांती, दुसऱ्याने नऊ ते अकराचे तीन सेट, दोन मिनिटे विश्रांती, तिसऱ्याने वीस ते अठ्ठावीसचे दोन सेट, एक मिनिट विश्रांती. कमाल वजन सर्वाधिक वाढले ते पहिल्या गटाचे. कमाल वजनाच्या ६० टक्के भार सर्वाधिक वेळा पेलला तो तिसऱ्या गटाने, आणि सायकलवरच्या चाचणीत दमायला लागणारा वेळही त्याच गटाचा वाढला.

आकाराचे काय?

याच अभ्यासात तंतूंची जाडी पहिल्या दोन गटांत वाढली, तिसऱ्यात वाढलेली आढळली नाही. त्यावरून ‘हलक्या वजनाने स्नायू मोठा होत नाही’ असा समज पक्का झाला. पुढील अभ्यासांनी तो बराच सैल केला. २०१२ साली कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात मांडीच्या व्यायामावर झालेल्या प्रयोगात, कमाल वजनाच्या ३० टक्के भाराचे सेट पुढचे आवर्तन अशक्य होईपर्यंत नेले असता, दहा आठवड्यांनी मांडीच्या स्नायूची वाढ ८० टक्के भार वापरणाऱ्यांइतकीच भरली. कमाल वजन मात्र जड भार वापरणाऱ्यांचेच अधिक वाढले.

२०१५ साली शोनफेल्ड आणि सहकाऱ्यांनी आधीपासून व्यायाम करणाऱ्या पुरुषांवर केलेल्या प्रयोगात हेच दिसले. एका गटाने आठ ते बारा आवर्तने केली, दुसऱ्याने पंचवीस ते पस्तीस. स्नायूंची वाढ दोन्ही गटांत सारखी झाली. बार खांद्यावर घेऊन बसून उठण्याचे, म्हणजे स्क्वॉटचे, कमाल वजन पहिल्या गटाचे जवळजवळ २० टक्क्यांनी वाढले, तर दुसऱ्याचे ९ टक्क्यांच्या आसपास. निम्म्या वजनाच्या बेंच प्रेसमध्ये मात्र दुसरा गट सुमारे १७ टक्क्यांनी पुढे गेला आणि पहिला होता तेथेच राहिला.

यातून निघणारा अर्थ असा की, आवर्तनांची संख्या स्नायूचा आकार ठरवण्यात तुलनेने गौण आहे. सेट कितपत शेवटपर्यंत नेला हे तेथे महत्त्वाचे. त्या आकाराचे रूपांतर बळात होणार की दमात, हे ठरवण्यात मात्र आवर्तनांचा वाटा मोठा आहे. ‘जड वजनाने अंग फुगते, हलक्याने रेखीव होते’ हे व्यायामशाळांत हमखास ऐकू येणारे वाक्य त्यामुळे दोन्ही बाजूंनी चुकीचे ठरते. रेखीवपणा येतो तो कातडीखालची चरबी कमी झाल्याने, आणि त्याचा संबंध मुख्यतः आहाराशी आहे.

जोर-बैठका कोणत्या बाजूला?

तालमीच्या परंपरेतला जोर हा शरीराच्याच वजनाचा व्यायाम आहे. हात आणि पाय जमिनीवर टेकवून शरीर खालीवर करताना हातांवर साधारणपणे शरीराच्या वजनाच्या दोन-तृतीयांश भार येतो. हे ठरावीक वजन झाले, कारण पाठीवर कुणी बसल्याशिवाय ते वाढत नाही. म्हणून एकच जोर दोघांसाठी दोन वेगळे व्यायाम ठरतो. ज्याला जेमतेम चार जोर निघतात त्याच्यासाठी तो कमी आवर्तनांचा जड व्यायाम असतो आणि त्याने त्याचे बळ खरोखर वाढते. तोच माणूस वर्षभराने साठ जोर काढू लागला की त्याच्यासाठी तो दमाचा व्यायाम झालेला असतो. साठाचे शंभर केले तर दम वाढेल. बळ फारसे वाढणार नाही.

तालमीला हे अनुभवाने ठाऊक होते. म्हणूनच जोर-बैठकांबरोबर जड करेला फिरवणे, गळ्यात दगडी गर आडकवून बैठका काढणे आणि मुख्य म्हणजे जोडीदाराच्या वजनाशी झुंजणे हे प्रकार आले. जोर-बैठका कुस्तीतल्या लांब झटापटीसाठी दम देत आणि भाराचे व्यायाम पकडीसाठी बळ देत.

लांब पल्ल्याचा धावपटू आणि जड वजन

दमाचा आणखी एक प्रकार हृदय आणि फुप्फुसांचा. येथे जास्त आवर्तनांचे सेट धावण्याची जागा घेऊ शकत नाहीत. अर्ध्या तासाच्या धावण्याने हृदयावर येणारा सलग भार मिनिटभराच्या सेटमध्ये येत नाही. गंमत अशी की, धावपटूला व्यायामशाळेतून मिळणारा फायदा पुष्कळदा कमी आवर्तनांचा असतो. नॉर्वेमध्ये २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तयारीच्या धावपटूंनी नेहमीच्या सरावात आठ आठवडे चार आवर्तनांच्या जड अर्ध-स्क्वॉटचे चार सेट आठवड्यातून तीनदा मिळवले. त्यांची प्राणवायू घेण्याची कमाल क्षमता बदलली नाही, पण त्याच वेगाला लागणारा प्राणवायू सुमारे ५ टक्क्यांनी कमी झाला आणि वेगवान धावण्यात ते २१ टक्के अधिक काळ तग धरू लागले. प्रत्येक पाऊल आता त्यांच्या बळाचा लहानसाच भाग मागत होते. वर पाहिलेले ठरावीक वजनाचे गणित येथेही लागू पडते.

प्रत्यक्ष आखणी

कमाल वजन ५० किलो असलेल्या त्याच व्यक्तीचे उदाहरण पुढे नेऊ. बळासाठी तिने साधारण ४२.५ किलो घेऊन पाच आवर्तनांचे चार सेट करावेत आणि दोन सेटमध्ये तीन मिनिटे थांबावे. ही विश्रांती म्हणजे आळस नव्हे. क्षणिक जोरासाठी लागणारे फॉस्फोक्रिएटिन हे इंधन पूर्ववत व्हायला काही मिनिटे जातात. मिनिटभरातच पुन्हा बार धरला तर पाचऐवजी तीनच आवर्तने निघतात आणि वजन उतरवावे लागते. चारही सेटमध्ये पाच-पाच आवर्तने नीट पूर्ण होऊ लागली की पुढच्या खेपेला २.५ किलो वाढवावेत.

दमासाठी तिने २५ किलो घेऊन पंचवीस आवर्तनांचे दोन सेट करावेत आणि मध्ये एकच मिनिट थांबावे. दुसऱ्या सेटमध्ये आवर्तने कमी होणारच. अपुऱ्या विश्रांतीतच काम करण्याची सवय लावणे हा येथे उद्देश आहे. पहिल्या सेटमध्ये तीस आवर्तने सहज होऊ लागली की वजन थोडे वाढवावे.

दोन्हींचा गुणाकार पाहण्याजोगा आहे. जड आखणीत दिवसाला ८५० किलो उचलले जातात, हलक्या आखणीत १,२५० पर्यंत. एकूण उचललेले वजन हलक्या आखणीत अधिक असूनही बळ वाढते ते जड आखणीत.

दोन्ही हवे असतील तर एकाच सत्रात जड सेट आधी आणि लांब सेट शेवटी घ्यावेत, कारण थकलेल्या स्नायूने जड वजन नीट उचलले जात नाही. आठवड्यात दोन-तीन दिवस असतील तर दिवस वाटून घेणे सोपे पडते. नवशिक्याने पहिले काही आठवडे मधल्या टप्प्यावर, दहा-बारा आवर्तनांवर राहून हालचाल घोटावी. अशाने दोन्ही बाजूंना थोडी थोडी वाढ मिळते आणि चुकीची किंमत कमी असते.

कुठे चुकते आणि कसे ओळखावे

सर्वाधिक आढळणारी चूक म्हणजे हलके वजन घेऊन पंधराव्या आवर्तनाला सेट सोडणे, जेव्हा त्याच वजनाची तीस आवर्तने निघाली असती. ना मोठे घटक कामाला लागले, ना पुरवठ्यावर ताण आला. याची खूण सोपी आहे. लांब सेटची शेवटची चार-पाच आवर्तने आपोआप मंदावली पाहिजेत. पहिले आणि शेवटचे आवर्तन एकाच वेगाने होत असेल तर सेट अपुरा राहिला.

दुसरी चूक मोजमापाची. बळाचा व्यायाम करून आवर्तने मोजणारा आणि दमाचा व्यायाम करून कमाल वजन मोजणारा, दोघेही निराश होतात. सुरुवातीला आणि आठ आठवड्यांनी दोन नोंदी ठेवाव्यात : पाच वेळा उचलता येणारे सर्वांत जड वजन, आणि एकाच ठरावीक हलक्या वजनाची जास्तीत जास्त आवर्तने. पहिला आकडा वाढला आणि दुसराही थोडा वाढला, तर बळाची आखणी काम करते आहे. दुसरा बराच वाढला आणि पहिला जवळपास तेथेच राहिला, तर वाढ दमाची आहे.

धोकेही दोन बाजूंना दोन प्रकारचे आहेत. जड वजन उचलताना श्वास रोखला जातो आणि रक्तदाब क्षणभर फार वर जातो. उच्च रक्तदाब, हृदयविकार किंवा हर्निया असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय या वाटेला जाऊ नये. बेंच प्रेस करताना बार छातीवर अडकू शकतो, म्हणून जड सेटला उशाशी मदतनीस उभा असलाच पाहिजे.

हलक्या व्यायामाचा धोका कमी माहितीचा आहे. सवय नसताना एकाच दिवशी शेकडो बैठका काढल्या, मग त्या पैजेपोटी असोत, नव्या उत्साहात असोत वा शिक्षा म्हणून, तर स्नायूंचे तंतू मोठ्या प्रमाणावर फुटून त्यांतील द्रव्ये रक्तात उतरू शकतात. याला ऱ्हॅब्डोमायोलिसिस म्हणतात आणि त्याने मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. व्यायामानंतर दुसऱ्या दिवशी अंग दुखणे नेहमीचे आहे. पण मांड्या टणक होऊन सुजल्या, पाय वाकवणेही अशक्य झाले, आणि लघवीचा रंग कोऱ्या चहासारखा गडद झाला, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. उन्हाळ्यात आणि पाणी कमी प्यायलेले असताना हा धोका वाढतो. बैठकांचा आकडा वीस-तीसपासून सुरू करून आठवड्यागणिक चढवत नेला, तर स्नायू त्या कामाला सरावतात आणि ही वेळ सहसा येत नाही.